पिशवीतला पाना

दोन हजार चोवीस साल. माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत झाली, पण लायसन जड वाहनाचं आणि एकतीस वर्षं एसटी चालवलेली. एवढं सांगितलं की पुढचं कुणाला खरं वाटत नाही. मला बंद गाडीत बसता येत नव्हतं.

चालवताना कधी काही झालं नाही. माझी खिडकी उघडी, बाजूला माझं दार, ब्रेक माझ्या पायाखाली. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा काचा न उघडणाऱ्या गाडीत पाठीमागं बसलो. दार फुस्स करून लागलं आणि छातीत कुणीतरी वरवंटा फिरवल्यासारखं झालं. हाताला मुंग्या. आता जीव जातो असं वाटलं. वारा लागत नाही म्हणून भांडण काढलं आणि उतरलो. तेव्हापासून मी हेच करत आलो. भ्या वाटलं की भांडण काढायचं.

सगळ्यात मोठं भांडण काढलं ते पोरीच्या लग्नात. पोरीनं चंदीगडकडचा मुलगा स्वतः बघितला होता, लग्न तिकडंच. दहा वर्षं झाली. पोरानं एसी डब्याची तिकिटं काढली. सोलापूर सुटलं तशी माझी नजर दाराकडं. कुर्डुवाडी येईपर्यंत अंग घामानं भिजलं. गाडी थांबल्याबरोबर मी उठलो आणि डब्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "असल्या लग्नाला मी येणार न्हाय. तुमचं तुमी बघा." बायको माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग ती आणि पोरगा पुढं गेले. मी लाल गाडीनं परत आलो, खिडकीला बसून.

गावात म्हणाले, लई मानी माणूस. मी काही बोललो नाही. रागावलेला बाप लोकांना कळतो. बायकोला खरं कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. ती सहा वर्षांमागं गेली. त्यानंतर पोरगी दोनदा येऊन गेली. माझ्याशी जपून बोलायची, तापलेल्या तव्याजवळनं हात न्यावा तशी.

चोवीस सालच्या पावसाळ्यात तिचा फोन सुनेला आला. इतक्या वर्षांनी दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, त्यामुळं बाळंतपणाला माहेरी येणं नाही. आई नाही. ओटी भरायला माहेरचं माणूस यावं एवढंच तिचं मागणं. पोरगा तेव्हा कामानं बाहेरगावी अडकलेला.

सून म्हणाली, "मामा, मी येते तुमच्यासंगं. पुण्यातनं विमानानं अडीच तास."

मी म्हणालो, "गुडघे दुखत्यात."

ती म्हणाली, "गुडघे अक्कलकोटला जाताना दुखत न्हाईत."

तिथंच मला संशय आला, हिला काहीतरी कळलंय. दोन दिवसांनी तिनं सांगितलं, सात रस्ता चौकाकडं एक डॉक्टरीण आहे, मनाच्या दुखण्याची. मी भडकलो. "येडा झालोय का मी?" सून शांत. "येड्यास्नी कोण नेतंय विमानात? तुमी शहाणे हाय म्हणून चाललोय की."

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. मी जिन्यानं गेलो. डॉक्टरीण तिशीतली पोर. बघितल्या बघितल्या विचारलं, "काका, लिफ्ट टाळलीत का?" मी सुनेकडं रागानं बघितलं. हिनंच आधी कान भरले असणार. डॉक्टरीण हसली, "नाही हो, त्यांनी काही सांगितलं नाही. तुम्हाला धाप लागलीय."

आधी तिनं हृदयाची पट्टी काढायला लावली, रक्त तपासलं. सगळं नीट निघालं. मग म्हणाली, हृदय चांगलं आहे, ही भीती आहे, आणि हिच्यावर काम करता येतं. मी म्हणालो, "झोपेची गोळी देणार असाल तर आधीच सांगा."

"नाही देणार. झोपून गेलात तर भीती तिथंच राहते. परतीच्या विमानात पुन्हा भेटेल."

हे ऐकल्यावर तर माझी खात्रीच झाली. जो गोळी नाही म्हणतो तोच दुधातनं देतो. त्या आठवड्यात पोरगा दोन दिवस घरी आला होता. मी माझं दूध त्याला पाजलं आणि समोर बसून राहिलो. तो जांभया द्यायला लागला. मी सुनेला हाक मारली, "बघ!" ती म्हणाली, "मामा, ते लग्नाच्या मांडवात बी जांभया देत हुते."

डॉक्टरणीचं म्हणणं सरळ होतं. भीती घाटासारखी चढते, आणि आपण उतरून पळालो नाही तर आपोआप उतरते. मी दरवेळी घाटमाथ्याच्या आधीच पळालेलो, म्हणून उतार कधी बघितलाच नाही. तिनं कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. आधी दार उघडं ठेवून लिफ्टमध्ये उभं राहायचं. मग सुनेबरोबर एक मजला. मग एकट्यानं तीन मजले, वर-खाली, वर-खाली. मग काचबंद गाडीनं टेंभुर्णी, मधल्या सीटवर. मग पुण्यापर्यंत. शेवटी विमान. तिथं चालण्याच्या वाटेकडची सीट घ्यायची आणि आत गेल्यावर तिथल्या माणसांना सांगून ठेवायचं. प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.

निघताना तिनं विचारलं, "आधाराला काही जवळ धरता का? बाटली, मोबाईल, काहीही?"

"न्हाय," मी म्हणालो. हिला हे कशाला पाहिजे, असं मनात आलं.

खरं म्हणजे माझ्या कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला पाना होता. चोवीस नंबरचा, नोकरीत असल्यापासूनचा. अडकलोच तर काच फोडायला. बाहेर निघताना तो पिशवीत नसेल असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

लिफ्टच्या पायऱ्या तीन आठवडे चालल्या. तिथला वॉचमन मला वर-खाली करताना बघून म्हणाला, "आजोबा, विकत घ्यायची का काय लिफ्ट?" मी म्हणालो, "ट्रायल बघतोय." वहीत मी गाडीच्या लॉगशीटसारखं लिहायचो. तारीख, वेळ, आकडा. नऊ, आठ, सात. मग पाच, मग तीन.

टेंभुर्णीच्या फेऱ्याही झाल्या. पहिल्या दोनदा सून संगं आली, मग एकटा. ड्रायव्हर नवा पोरगा, गाडी बॅटरीवरची, गिअर टाकायचं कामच नाही, तरी मला त्याच्यात चुका दिसायच्या. पिशवी मांडीवर, हात पिशवीत, हाताला लोखंडाचा थंडपणा. मोहोळ गेलं की आकडा चारवर, टेंभुर्णीत दोनवर. डॉक्टरणीला वही दाखवली. ती खूश झाली. मी जिन्यानं नाही, लिफ्टनं खाली आलो, हात पिशवीत ठेवून.

तिकिटं निघाली. जायला नऊ दिवस राहिले तेव्हा एका संध्याकाळी सून बॅगा भरायला बसली. माझी पिशवी तिनं उचलली आणि जड लागली म्हणून उघडली.

"मामा, ह्यो काय?"

"पाना हाय. दिसत न्हाय का?"

"विमानाच्या आधी तपासणी असते. काढून घेतील की."

मी ओरडलो. माझ्या पिशवीत हात घालायचा तुला अधिकार काय, डॉक्टरणीनं शिकवलं का तुला झडत्या घ्यायला, तुम्ही दोघींनी मिळून माझा पोपट करायचा ठरवलंय का. ती ऐकून घेत बसली. पाना तिच्या मांडीवर होता. मग हळूच म्हणाली, "टेंभुर्णीला जाताना दरवेळी हुता संगं?"

मी टॉवेल उचलून घडी घालायला लागलो.

"लिफ्टमदी बी?"

मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो.

"म्हंजे टेंभुर्णीला तुमी न्हाय गेला मामा. पाना गेला."

मला लई राग आला, कारण बोलणं बरोबर होतं. गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून उतरता येतं, पण घरातनं कुठं उतरणार? वहीतले सगळे दोन आणि तीन मला खोट्या लॉगशीटसारखे दिसायला लागले. असल्या ड्रायव्हरांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

नेमका तेव्हाच पोरीचा फोन आला. रोज सुनेशी बोलते ती. सुनेनं फोन उचलला, दोन शब्द बोलली आणि माझ्याकडं धरला. हिनं मुद्दाम केलं, असं मला आजही वाटतं.

पोरगी म्हणाली, "आबा, खरं येताय ना? वहिनी म्हणते तिकिटं निघाली." मग थोडं थांबून, "राग गेला म्हणायचा का?"

मला व्हय म्हणता आलं असतं. एका शब्दात सुटलो असतो. पण नऊ दिवसांनी दार लागल्यावर मी पुन्हा कुठलं तरी भांडण काढून उतरलो असतो, आणि ह्या खेपेला तिच्या पोटातल्या जिवावरनं भांडण काढलं असतं.

"राग नव्हता," मी म्हणालो.

"मग?"

"भ्या वाटत हुतं. डबा बंद हुता. कुर्डुवाडीला भ्यानं उतरलो."

मी फोन घेऊन दाराशी गेलो.

"आबा," ती म्हणाली, "दहा वर्षं मी ह्यांना सांगत आले, आमचे आबा फार मानी आहेत म्हणून." आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी फोन कानाला लावून उभा. शेवटी म्हणालो, "जास्त हसू नको. डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं पडून राहायला."

"आता तरी याल?"

"बघतो," मी म्हणालो. खोटं सांगायचं नव्हतं.

फोन ठेवल्यावर सुनेनं पाना पुढं केला. हे पण डॉक्टरणीनंच शिकवलं का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. पाना घेतला आणि देवळीत दिव्याशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या काचबंद गाडीत बसलो. मधली सीट. पिशवीत वही, पेन, भाकरी आणि टॉवेल. दार लागलं. हात पिशवीत गेला, तिथं टॉवेल नुसता मऊ लागला. वहीत लिहिलं, नऊ. शेजारची बाई तिच्या पोरीच्या स्थळाबद्दल काहीतरी सांगत होती, मी व्हय व्हय करत सहा मोजून श्वास सोडत होतो. मोहोळला गाडी थांबली. दार उघडलं. कंडक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "आजोबा, उतरायचंय का?" माझे पाय आपोआप सरकले होते.

"न्हाय," मी म्हणालो, आणि पाय सीटखाली ओढून घेतले. दार पुन्हा लागलं. वहीत लिहिलं, नऊच.