हात लावू का?

कल्याणच्या बाजारात टाळ्या वाजवत दुकानोदुकानी फिरायची ती. लोक तिला हिजडा म्हणत. आमच्या दवाखान्यात येताना मात्र औषधाची बाटली धुऊन आणायची, मला 'कंपाउंडरभाऊ' म्हणायची आणि बाकड्यावरच्या बायकांची नक्कल करून त्यांनाच हसवायची.

एकदा ती तापाने कुडकुडत आली. मोठे डॉक्टर आत होते. त्यांच्या डॉक्टर मुलाने तिची नाडीही पाहिली नाही.

"कापलंय का? लुगडं वर कर, बघू," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

मी हादरलो. तरी माझीही मान पुढे झाली, हे लपवत नाही.

"साहेब, थंडी भरलीय मला," म्हणत ती दाराकडे वळली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर बाहेर आले. "बाई, आत या." त्यांनी पडदा ओढला. "थंडी दिवसाआड भरते का?"

"हो."

"हिवताप वाटतो. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का, ते डाव्या बरगडीखाली दाबून पाहायचंय. हात लावू का?"

"आणि ते दुसरं नाही विचारणार?"

"या तापाला त्याची गरज नाही. कधी लागलंच, तर कशासाठी ते आधी सांगेन."

पडद्याआडून तिचा आवाज आला.

"विचारून कुणी हात लावला नव्हता हो आजवर. लावा."