एप्रिलचा हप्ता सातवा होता

थोरल्या भावाचं टॉवेलचं मशीन मी वर्षभर चालवायला घेतलं होतं. बोली साधी होती. एप्रिल ते मार्च, त्याच्या मशीनच्या कर्जावरचं व्याज मी द्यायचं आणि मुद्दल त्याने भरायचं. वर्ष संपल्यावर जुळे सोलापूर भागातल्या त्याच्या अकाउंटंटने मला जवळपास एक लाख चौतीस हजारांचा आकडा सांगितला.

मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली. दोन हप्त्यांच्या दरम्यानचं एकूण व्याज काढणारं एक्सेलचं फंक्शन त्याने लावलं होतं. महिन्याचा दर, साठ हप्ते, कर्जाची रक्कम, सगळं बरोबर होतं. पण सुरुवातीचा हप्ता एक आणि शेवटचा बारा टाकला होता.

“अहो, पहिला हप्ता आदल्या ऑक्टोबरात गेलाय. एप्रिलचा सातवा येतो.”

“बारा महिने ते बाराच की, शेठ.”

“सुरुवातीला बाकी जास्त, म्हणून व्याजही जास्त. ते महिने माझे नव्हते. सात ते अठरा टाका.”

त्याने टाकलं. साडेअकरा हजारांच्या आसपास कमी झाले.

शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, “भावाभावात एवढं ताणतोस व्हय?”

माझं डोकंच फिरलं. “दादा, आकडा तुझ्या अंगावर आला असता तर तू सोडला असतास?”

मी नव्या आकड्याचा चेक दिला. आता दादा सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतोय, की धाकट्याने व्याजात सूट मागून घेतली. कसली सूट? ठरलेलं व्याज मी पूर्ण भरलंय. दिवाळीला सगळे जमतील, तेव्हा हे त्याच्याच तोंडून वदवून घेणार आहे.