जुन्या आजारावर नवा आजार

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याचं माप असो की भाजीवालीचा तराजू, माझा पटकन विश्वास बसत नाही. आमचे हे म्हणतात, "तुले टीसी केलं असतं तर बिनतिकिटाचा एक माणूस सुटला नसता." हे स्वतः रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. नागपूरहून रायपूरला बदली झाली, मग तिथल्या बूढ़ापारा मोहल्ल्यात घर घेतलं आणि इथलेच झालो.

ह्यांच्या किडन्या बऱ्याच वर्षांपासून कमजोर. साखरेच्या आजारानं केलेला प्रताप तो. डॉक्टरांच्या कागदावर दर वेळी एक शब्द ठरलेला, क्रॉनिक. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला वाटलं, आटोपलं सगळं. पण मीठ कमी, गोळ्या वेळेवर, अधूनमधून रक्त तपासणी, असं करत वर्षं निघून गेली आणि त्या शब्दाचीही सवय झाली.

मग मागच्या उन्हाळ्यात एकाएकी बिघडलं. उलट्या सुरू झाल्या, पायावर सूज चढली, लघवी अगदीच कमी. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन मागच्या वेळेच्या दुपटीवर गेलेलं. भरती केलं. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, 'अॅक्यूट ऑन क्रॉनिक'. आणि म्हणाल्या, "पोटॅशियम बढ़ा तो डायलिसिस लग सकता है, साइन करके रखिए."

मी पेन खाली ठेवला. माझ्या डोक्यात क्रॉनिक म्हणजे भारी आजार, तर अॅक्यूट म्हणजे हलका असणार. पोरीला विचारलं तर ती म्हणते, "नहीं मम्मी, अॅक्यूट मतलब एकदम सीरियस." आमची पोट्टी मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच. आता मला सांगा, एकाच माणसाच्या एकाच किडनीला दोन्ही शब्द कसे? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ठरवलं. इतकी वर्षं एका शब्दावर भागलं आणि आता मशीनवर चढवायचं म्हणून दुसरा जोडला! आमच्या गल्लीतल्या एका काकूंना एकदा मशीन लागली ती कायमचीच लागली. ह्यांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

"मी सही करत नाही," मी म्हटलं. पोरगी चिडली. "मम्मी, डॉक्टर पे भी शक?"

"काहून नाही करू? डॉक्टर काय आकाशातून पडले?"

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. जुने रिपोर्ट मागवले. तेव्हाही मला वाटलं, जुने कशाला पाहिजेत, काही लपवायचं असेल. त्यांनी जुने कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले आणि समजावलं. क्रॉनिक म्हणजे बरेच महिने, वर्षं चाललेलं, हळूहळू वाढणारं. अॅक्यूट म्हणजे आत्ता, थोड्या दिवसांत अचानक झालेलं. कोणता शब्द किती भारी, हे त्यावरून ठरत नाही. जुन्या आजारात किडनीचा जो भाग गेला तो परत येत नाही. पण हे जे नवं वरून आलंय, त्याचं कारण सापडलं आणि वेळेत थांबवलं, तर ते पुष्कळदा उतरतं. मशीन लागली तरी अशा वेळी बरेचदा थोड्या दिवसांपुरती.

"सोनोग्राफी में किडनी छोटी है, वो पुराना है," त्या म्हणाल्या. "लेकिन पुराना रोग इतने दिनों में ऐसे नहीं गिरता. कुछ नया हुआ है. बाबूजी, कोई दर्द की गोली, जड़ी-बूटी, काढ़ा?"

"नहीं मॅडम, कुछ नहीं," हे म्हणाले. म्हणताना छताकडे पाहत होते.

बस्स! जिलबी खाऊन आल्यावर हा माणूस असाच छताकडे बघून "नाही" म्हणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. माझा संशय डॉक्टरीणबाईंवरून उठला आणि नवऱ्यावर जाऊन बसला. आधी सही करून टाकली. मग पलंगाशी गेले.

"काय खाल्लं, सांगा."

"तुले तर सवयच आहे," म्हणून कूस बदलली.

घरी जाऊन कपाट, उशी, पेपरची रद्दी, सगळं उलटंपालटं केलं. काही नाही. तेव्हा आठवलं ते बूढ़ा तालाबाचं बाकडं. हे रोज सकाळी तिथे फिरायला जातात. फिरणं नावाला, बाकड्यावरच मैफल जास्त. सगळे रिटायर, सगळे आपापल्या दुखण्याचे डॉक्टर. एकाला ज्या गोळीनं बरं वाटलं ती तो दुसऱ्याला प्रसादासारखी देतो, आणि प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाठलं. बाकड्यावर एक कापड दुकानवाले शेठजी बसले होते, ह्यांचे जुने दोस्त.

"अरे भाभीजी! भाईसाब दिखे नहीं. घुटना फिर पकड़ लिया क्या? मेरी गोली से तो आराम था."

"कौन सी गोली?"

त्यांनी खुशीनं खिशातून गोळ्यांचा पत्ता काढला. "दर्द की है. रोज सुबह-शाम लेते थे. एक महीना तो हो गया होगा." मी तो पत्ता अक्षरशः हिसकावला आणि ऑटोत बसले. बिचारे मागून "भाभीजी, मेरी आज की तो..." म्हणत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पत्ता उलटून पाहिला. "यही है," म्हणाल्या. दुखण्याची ती गोळी निरोग्याला चालते, कमजोर किडनीला मारते. गोळी तर बंद झालीच होती, आता पुन्हा घ्यायची नाही असं कागदावर मोठ्ठं लिहिलं. सलाईन मोजून, लघवी मोजून, पोटॅशियमवर नजर. मी पलंगाजवळ बसून त्या लघवीच्या पिशवीकडे बघत राहायची. पोळीचा डबा भरल्याचा कधी झाला नाही एवढा आनंद मला ती पिशवी भरताना बघून झाला, खोटं काहून बोलू? पोटॅशियम काबूत राहिलं. क्रिएटिनिन उतरायला लागलं. मशीन लागली नाही.

सुटी मिळताना क्रिएटिनिन आधीच्या आकड्यापेक्षा थोडं वरच राहिलं होतं. "अॅक्यूट उतर गया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्रॉनिक रहेगा. उसको संभालना है."

घरी आल्यावर मी भांडायला बसले. हक्कच होता माझा. "गुडघा दुखून राहिला होता तर मले काहून नाही सांगितलं? मी काय परकी?"

ह्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक जन्माचं दुखणं तर दिलंच तुले. तुह्याही ताटातलं मीठ गेलं, गावाला जाणं गेलं. त्याच्यावर दुसरं कोणत्या तोंडानं सांगू?"

माझ्या तोंडातलं सगळं भांडण तिथंच विरघळलं. मी रडले. संशय सगळ्यांवर घेतला, पण हा माणूस मला वाचवायला खोटं बोलत असेल, ही शंका एकदाही आली नव्हती.

आता मी रोज ह्यांचे खिसे तपासते. हे फिरून आले की दारातच खिसे उलटे करून दाखवतात, "घे टीसीबाई." परवा मात्र खिसे दाखवले नाहीत. चप्पल काढायला वाकले, थांबले, भिंतीला हात लावला.

"दुखून राहिला आहे गुडघा," म्हणाले. "खूप."

मी खिशात हात घातला नाही. गरम पाण्याची पिशवी भरायला आत गेले.