मधेच बोललेलं वाक्य

सन दोन हजार सहा. माझं वय तेव्हा सदुसष्ट. शाळा तिसरीपर्यंत झालेली, पण कुणापुढं मान खाली घातलेली नाही.

पोरगा मस्कतला होता. आईच्या वर्षश्राद्धाला सुट्टी काढून येऊ का, असं त्यानं ईमेलनं विचारलं होतं. फोनवर माझ्या आवाजावरून त्याला सगळं कळेल म्हणून मीही माजलगावच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन ईमेलच करायचो. मी बोलायचो, दुकानवाली बाई टाईप करायची. मग ती ते कागदावर छापायची, लाल पेनानं तपासायची आणि नंतरच पाठवायची. नुसतं वाचून दाखवलं तर चुका कानाला कळत नाहीत, म्हणायची.

त्या दिवशी मी एका दमात सांगून टाकलं. मी बरा आहे, पायाची शीर आखडते तेवढीच. भाकरी माझी मी थापतो. गावात माणसं आहेत. सुट्टी वाया घालवू नको.

बाई कागद घेऊन माझ्याशेजारी बसली. 'शीर'चं 'शिर' पडलं होतं, म्हणजे पायाचं डोकंच आखडत होतं. तिनं वेलांटी बदलली. पूर्णविराम तर एकही नव्हता. मीच कुठं थांबलो नव्हतो, ती तरी काय करणार? वाक्य कुठं संपलं ते मला विचारून ती टिंबं देत गेली. एका जागी पेन थांबलं.

"मामा, हे पण लिहायचं होतं का?"

"काय?"

तिनं आवाज उतरवून वाचलं. "संध्याकाळी कुणाशी बोलावं तेच कळत नाही."

सांगता सांगता बाहेर बघत मी ते बोललो होतो. पोराला नाही, कुणालाच नाही. तिची बोटं चालूच होती, त्यात तेही गेलं. टिंब नसल्यानं भाकरी आणि गावातली माणसं यांच्या मधी ते गुपचूप बसलं होतं.

"खोड ते."

"राहू द्या की, मामा."

"माय, चुका काढायचं काम तुझं. ही चूकच हाय."

तिनं त्यावर लाल रेघ मारली, पडद्यावरूनही काढलं. बाकीचं पुन्हा एकदा बघून पाठवून दिलं. तपासलेला कागद मी मागून घेतला. आपलं बोलणं लोकांच्या दुकानात कशाला पडू द्यायचं?

घरी येऊन भाकरी खाल्ली. उंबऱ्यावर बसून कागद बोट ठेवून वाचला. सगळं कसं नीट होतं. असं नीट वाचून पोरगा काही येणार नव्हता. गल्लीतून कुणी गेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माजलगाव गाठलं. शटर खालीच होतं. बाई आल्यावर तिच्यापुढं कागद धरला, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "एवढंच पाठव. शेवटी टिंब दे."