सासूबाईंचे तीन, माझे दोन

घरात मी सासूबाईंचं ऐकते. पाणी कधी तापवायचं, भाजीत कूट किती घालायचा, पाहुणे आले की मी कुठं उभं राहायचं, सगळं त्या ठरवतात आणि मी मान हलवते. लग्न झाल्यापासून असंच चाललंय आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते फक्त ढोलकीवर.

आमच्या गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. ईट गावच्या बाजारातून आणलेल्या एकसारख्या साड्या नेसून आम्ही देवीची गाणी म्हणतो. पूर्वी ढोलकी एक म्हातारी वाजवायची. ती लेकाकडं पुण्याला राहायला गेली आणि ढोलकी माझ्याकडं आली. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही, म्हणून बायकांनी विचार केला की हिला वाद्य द्यावं, म्हणजे बोलायला नको. मंडळातली सगळ्यात लाजरी बाई सगळ्यात मोठा आवाज करायला बसली.

झांज सासूबाईंकडं. माझ्या उजव्या हाताला बसून वाजवायच्या.

आमचं एक गाणं दादऱ्यात आहे. दादरा म्हणजे सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन घासांत. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. जोर एकवर आणि चारवर, म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके. हे मला येत होतं. पण प्रत्येक ध्रुपदाच्या शेवटी देवीच्या नावाची एक ओळ येते आणि तिथं झांज दोनाचं सोडून तीन वाजवायला लागते. बायकाही त्या ओळीत झांजेसोबत शब्द लांबवतात. म्हातारी होती तेव्हा ती त्या ओळीतही खाली आपले दोन धरून असायची. मी नाही धरू शकले. झांज तीनवर गेली की माझा हात तिच्यामागं जायचा, आणि ओळ संपून परत यायचं तेव्हा गाणं पळायला लागलेलं असायचं. बाया धापा टाकत म्हणायच्या. पुढं म्हणणारी आमची अध्यक्षीण, तिला दमा आहे.

आमच्या इकडच्या वाशीला मंगल कार्यालयात भजनाची स्पर्धा ठरली, तेव्हा अध्यक्षीणबाईंनी तालुक्याहून एक सर आणले. लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारे. दुपारची जेवणं झाली की देवळाच्या मंडपात तालीम. सरांच्या कीबोर्डात ताल भरलेला होता. एक बटण दाबलं की तबला, ढोलकी, खंजिरी, सगळं आपोआप.

अध्यक्षीणबाईंनी ते दोन मिनिटं ऐकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, ही पेटीच आणा की वाशीला. पळत न्हाय, दमत न्हाय, जीपमधी जागा बी कमी लागती."

"आन हिचं काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"टाळ्या वाजवंल की."

मी मान हलवली. सवयच आहे. पण चौथीनंतर मला एवढंच एक शिकायला मिळालं होतं, आणि गावाबाहेर कुठं जायला मिळालं तर ते त्या ढोलकीमुळंच. टाळ्या वाजवायला मला कुणी वाशीला नेणार नव्हतं, कारण जीपमधी जागा कमी.

सर मात्र भले निघाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, एक डाव बघू. शनिवारपर्यंत नीट आलं तर ढोलकी, न्हाय तर बटण." मग मला ती ओळ पाच-सहा वेळा वाजवायला लावली आणि हसले.

"तुम्ही झांज ऐकून तिच्यासोबत तीन वाजवता, ते चूक नाही. सगळ्यांनी मिळून दोनाचे तीन केले तर त्याला हेमिओला म्हणतात."

मला ते पोटाच्या औषधाचं नाव वाटलं.

"चूक होते परत येताना," सर म्हणाले. "सहाच्या सहा मात्रा खाली तशाच चालू असतात. त्या हलत नाहीत. तुमचा ठोका तीन मात्रांचा, झांजेचा दोन मात्रांचा. तीन दुणे सहा आणि दोन त्रिक सहा. ओळ संपल्यावर तुम्ही तुमच्या तीन मात्रांच्या ठोक्यावर यायला पाहिजे. तुम्ही काय करता, झांजेचा आखूड ठोकाच आपला समजून पुढं चालता. म्हणून गाणं पळतं."

"मग काय करू?"

"तुम्ही जायचंच नाही. झांज एक, तीन, पाचवर वाजणार. तुम्ही एक आणि चारवरच राहायचं. एकावर दोघी भेटायचं, मग आपापलं काम. त्याला क्रॉस रिदम म्हणा. तुमच्या सासूबाई वाजवतात त्याकडं लक्षच देऊ नका."

हे ते अगदी सहज बोलले. माझ्या सासूबाई तिथंच बसल्या होत्या.

मी लक्ष न द्यायचा प्रयत्न केला. कान मिटल्यासारखे केले, डोळे मंडपाच्या खांबावर ठेवले. गाणं पळलं नाही, पण माझे दोन असे कोरडे पडायला लागले की झांज कुठंतरी आणि ढोलकी कुठंतरी. ओळीच्या शेवटी एकावर भेटायचं, तर तिथंही आम्ही थोड्या पुढंमागं. सर म्हणाले, "आता ऐकतच नाही तुम्ही. ऐकायचं, पण जायचं नाही."

हे सांगायला सोपं. माझ्या मनात आलं, सासूच्या मागं जाते पण ऐकत नाही अशा सुना गावात पुष्कळ आहेत. ऐकते पण मागं जात नाही अशी एकही मला माहीत नव्हती.

शेवटी सरांनी एक युक्ती दिली. ढोलकी बाजूला. दोन्ही हात मांडीवर. डावा हात एक आणि चारला, उजवा एक, तीन, पाचला. दोन्ही हातांचे ठोके एकत्र ऐकले की एकच चाल ऐकू येते: एकावर दोन्ही हात, दोन रिकामा, तीनला उजवा, चारला डावा, पाचला उजवा, सहा रिकामा. त्यांनी त्यावर शब्द बसवले. भाकर खा. भा लांब, क आणि र आखूड, खा लांब. भा म्हणताना दोन्ही हात, क ला उजवा, र ला डावा, खा ला उजवा.

"आधी हळू," ते म्हणाले. "तोंडानं म्हणा. मग तोंड बंद करून फक्त डावा हात ऐका. मग फक्त उजवा. हात दोन्ही चालूच ठेवायचे, कान तेवढा इकडचा तिकडं न्यायचा. ज्या दिवशी कान फिरवला तरी हात बिघडणार नाही, त्या दिवशी जमलं."

मग मी भाकर खा सुरू केलं. चुलीसमोर, जनावरांना पाणी दाखवताना, तेरला माहेरी जायच्या बसमध्ये पिशवीवर. पहिले दोन दिवस उजवा हात चुकला की डावाही त्याच्यामागं जायचा. तिसऱ्या दिवशी निवडणं करता करता परातीच्या काठावर बोटं आपोआप चालली, आणि मी कान उजवीकडं नेला. तीन ऐकू आले. डावीकडं नेला. दोन. वाजत होतं ते तेच. मीच तेवढी जागा बदलत होते. मला इतकं बरं वाटलं की डाळीतला खडा तसाच राहिला.

"कुणाला बोलावतीस सारखं भाकर खायला?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "हितं अजून पीठ मळायचंय."

"तालीम करतेय, आत्या."

"आमाला कुणी न्हाय असलं शिकवलं. आमी बघून बघून वाजवलं." मग जरा वेळानं, "दाखव."

मी दाखवलं. त्यांनी करून बघितलं. त्यांचा उजवा हात बिनचूक तीन वाजवायचा आणि डावा आला की तोही तीनच वाजवायचा. त्यांनी चार-पाच वेळा केलं, मग हात झटकून पीठ मळायला गेल्या. मी खाली मान घालून डाळ निवडत राहिले. हसले नाही. एवढं वळण आहे मला.

शनिवारी ढोलकी पास झाली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तरी पेटी असू द्या जीपमधी."

वाशीच्या कार्यालयात आमच्या आधी सात मंडळं झाली. माईक मोठे, बाया पुष्कळ. सरांचा कीबोर्ड फक्त सूर द्यायला उघडलेला, पण त्यांचं बोट त्या बटणापासून लांब नव्हतं. मला ते दिसत होतं. पहिलं ध्रुपद आलं, देवीच्या नावाची ओळ आली. मी दोन धरले आणि झांजेच्या तिनाची वाट बघितली.

झांज तिनावर गेलीच नाही. माईकमधून ढोलकी इतकी मोठी ऐकू येत होती की सासूबाई माझ्यासोबत दोन वाजवायला लागल्या. त्या माझं ऐकत होत्या! लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तेही दोनशे माणसांसमोर. मला याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पण बायांना शब्द लांबवायला झांज लागते, ती नाही म्हटल्यावर त्या चाचपडल्या, अध्यक्षीणबाईंनी मान वळवून सरांकडं बघितलं, आणि सरांचं बोट बटणावर जाऊन थांबलं.

दुसरं ध्रुपद आलं तेव्हा मी डाव्या हातानं धुम, म्हणजे जाड आवाजाचा ठोका, एक आणि चारला ठेवला आणि उजव्या हातानं पलीकडच्या तोंडाच्या बारक्या चामडी पुडीवर तीन वाजवले. भाकर खा. सासूबाईंचा ठोका त्यांच्याच कानाशी. अर्ध्या ओळीत त्यांची झांज माझ्या उजव्या हाताला येऊन मिळाली. ती पक्की बसली तसा मी उजवा हात हळूच काढून घेतला. खाली दोन, वर तीन, बाया मधे. एकावर आम्ही भेटलो तेव्हा पुढंमागं काही नव्हतं. सरांनी हात मांडीवर ठेवला.

आमचा नंबर आला नाही. पहिला नंबर आलेल्या मंडळाची पेटी बटणाचीच होती.

जीपमध्ये जागा कमी होती, मी ढोलकी मांडीवर घेऊन सासूबाईंना चिकटून बसले. बराच वेळ त्या खिडकीतून ज्वारी बघत होत्या.

"माझं तू कशाला वाजवलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

तुमचं चुकलं होतं, असं म्हणायला मला अजून दोन जन्म लागतील. "हात गेला, आत्या."

"म्या दोनावर गेल्ते व्हय?"

मी ढोलकीची दोरी उगाच घट्ट करायला लागले.

"गेल्ते," त्या स्वतःच म्हणाल्या. "तुझा लई मोठा वाजत हुता. पुढच्या खेपेला जरा बारीक वाजव."

मी मान हलवली. ढोलकीच्या कडेवर माझी बोटं चालू होती, त्यांच्या गुडघ्यावर त्यांची. दोघींचं एकावर जमत होतं. घरी पोचल्यावर त्या म्हणाल्या, पाणी तापव, आणि मी तापवलं.