बाहेरून अठ्ठावीस

स्कीइंगच्या कोर्सला बूट स्वतःचेच न्यायचे होते, म्हणून मी ऑनलाइन मागवले. मी ऑफिसात असताना विकणाऱ्याने घरी फोन करून विचारलं, "पायाची लांबी किती?" बाबांनी दारातला माझा ट्रेकिंगचा बूट उचलला, तळाला बाहेरून टेप लावली आणि ठोकून दिलं, "अठ्ठावीस सेंटिमीटर."

पार्सल डोंबिवलीत पोचलं ते निघायच्या दिवशी सकाळी. घालून बघते तर टाच आत वरखाली. आतला मऊ बूट उपसला, नुसत्या कडक कवचात उभी राहिले, पायाची बोटं पुढे टेकवली. टाचेमागे हाताचं जेमतेम दीड बोट मावायला हवं, तिथे तीन सैल गेली.

"दोन मोजे घाल," बाबा म्हणाले. आमच्या घरी बूट कायम एक नंबर मोठा, पुढे कापूस.

"मोज्यांनी आतली लांबी कमी होत नाही, बाबा! हा नंबर म्हणजे पायाची लांबी, बुटाची नाही. टाच सुटली की मला बर्फावर वळताच येणार नाही!"

ठाण्यातल्या खेळाच्या सामानाच्या दोन दुकानांना विचारलं; स्कीइंगचे बूट नाहीत, असं दोघांनी फोनवरच सांगितलं.

मग बाबांनी मला भिंतीला टाच लावून उभं केलं, गुडघे धरत खाली बसले आणि अंगठ्यापर्यंत टेप नेली.

"साडेचोवीस."

या वेळी बरोबर मोजलं होतं. पण गाडी त्याच दुपारची होती.