चुका वदवून घेणारी बाई

मला राग पटकन येतो आणि उतरायला वेळ लागतो. त्या दिवशीचा अजून उतरलेला नाही. त्यातला अर्धाअधिक माझ्यावरचाच असल्यामुळे कुणावर काढायचीही सोय नाही.

नात सातवीत आहे. शाळेच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यात. भिवंडीतल्या याच शाळेत मी निवृत्त होईपर्यंत पी.टी. शिकवली. आज तिथे खेळ शिकवणारी मॅडम एके काळी माझ्याच संघात चढाया करायची. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मुलींचा उपांत्य सामना होता, म्हणून मी गेले. नातीने दारातच बजावलं होतं, "आजी, तू लांब बस. तू ओरडतेस." मी लांबच बसले. फक्त ऐकू येईल इतकी लांब.

मैदानाला लागूनच लूमचा कारखाना. त्या खडखडाटात मॅडमला ओरडूनच बोलावं लागत होतं, आणि ती ओरडत होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बारा पोरी उकिडव्या बसलेल्या. शाळेची इज्जत सांगून झाली. ट्रस्टी स्वतः येणार हे झालं. मागच्या वर्षीची ढाल झाली. मग सूचना. मी बोटांवर मोजत होते, दोन्ही हात संपले. बोनस सोडू नका, पण बोनसच्या मोहात पडू नका. आक्रमक खेळा, पण घाई नको. मी शिक्षिका असून मला कळेना, त्या पोरींना काय कळणार? एक गवत उपटत होती. माझी नात बुटाची नाडी सोडत होती, परत बांधत होती.

वीस मिनिटं झाल्यावर मॅडम म्हणाली, "आता मागच्या आठवड्यातल्या मैत्रीच्या सामन्यात आपली काय चूक झाली ते एकेकीने उभं राहून मोठ्याने सांगायचं."

एकेक उठली. "मी कोपरा सोडला." "मी साखळीतला हात सोडला." शेवटी उठली संघाची मुख्य चढाई करणारी. बारा वर्षांची, हडकुळी, वाऱ्यासारखी पळणारी. बाप लूमवर. त्या सामन्यात शेवटच्या चढाईत ही बोनसचा जादा गुण घ्यायला आत गेली आणि पकडली गेली होती.

"मेरी वजह से हारे," ती पुटपुटली.

"मराठीत सांग. मोठ्याने."

"माझ्यामुळे हरलो."

"परत."

"माझ्यामुळे हरलो." आणि खाली बसताना मॅडमची ओढणी धरून हळूच म्हणाली, "मॅडम, मेरे को आज बाहर बिठाओ ना. पोटात दुखतंय."

मी उठले. लांब बसायचं वगैरे सगळं विसरले. "पुरे!" मी ओरडले. "सामन्याला आणल्यात की जबानीला? पोरीच्या तोंडाकडे बघ जरा!"

नातीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅडम मला बाजूला घेऊन गेली, आणि राग गिळत म्हणाली, "बाई, ही तुमचीच पद्धत आहे."

"माझी?"

"तुमचीच. शब्दन् शब्द."

खरं होतं. सव्वीस वर्षांची असताना मी दहा दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन आले होते. गळ्यात शिट्टी आणि डोक्यात हवा. सामन्याआधी चाळीस मिनिटं बोलायचे. आदल्या दिवशी कपाटाच्या आरशासमोर तालीम करायचे, कुठे थांबायचं, कुठे मूठ वळायची तेसुद्धा ठरलेलं. पोरी उकिडव्या बसलेल्या. भाषण संपून त्या उठायच्या तेव्हा पायांना मुंग्या आलेल्या असायच्या, निम्म्या लंगडतच रेषेवर जायच्या. आणि ही शहाणी बाई म्हणायची, "तुमच्यात जिद्दच नाही!" अगं भवाने, पायात रक्त नव्हतं त्यांच्या.

"तुम्ही मला तीनदा म्हणायला लावलं होतंत," मॅडम म्हणाली. "माझ्यामुळे हरलो, माझ्यामुळे हरलो. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

"मग या पोरींना का करतेस तेच?"

"मला वाटलं, असंच करायचं असतं."

तेवढ्यात माईकवर आमच्या शाळेचं नाव पुकारलं. पाच मिनिटांत मैदानावर. मी संघासमोर गेले, घसा साफ केला. "मुलींनो, कबड्डी हा नुसता खेळ…"

"आजी!" नात किंचाळली. "भाषण नको ना!"

बरोबर होतं तिचं. खोड काही जात नाही. मी मॅडमला म्हटलं, "तूच बोल. त्यांना उभं कर, पाय हलू देत. दोन मिनिटं, जास्त नको. तीनच गोष्टी सांग, आणि त्या आज करायच्या. काय करायचं नाही ते सांगू नकोस, तेच डोक्यात राहतं. आणि आवाज खाली घे. लूमचा आवाज असेल तर त्या जवळ येतील."

मॅडम घुश्शातच होती, पण तिने पोरींना उभं केलं, गोल करून जवळ घेतलं. जागच्या जागी पळायला लावलं आणि तसंच बोलली.

"पकड करताना समोरचीचे पाय बघा. चेहरा फसवतो, पाय फसवत नाहीत. साखळीतला हात घट्ट. सुटला तर जोडीदारणीला हाक मारा आणि परत धरा. आणि पहिली चढाई फक्त जाऊन यायची. निदान रेषा ओलांडायची, परत यायचं. बस. सराव केलाय तुम्ही. येतं तुम्हाला."

मग ती त्या हडकुळीसमोर गुडघ्यावर बसली. "पहिली चढाई तुझी."

"मॅडम, पकडा गई तो?"

"मीपण पकडली गेले होते. पॉइंट नकोय मला. रिकामी ये. मी टाळ्या वाजवीन."

"खाली हाथ आई तो भी? सच्ची?"

"सच्ची."

पोटाचं काय झालं कोण जाणे, पोरगी गेली. आवाज कापत होता, पण दम तुटला नाही. चुन्याच्या फक्कीने आखलेली निदान रेषा तिने ओलांडली. समोरच्यांनी मुद्दाम मधली जागा मोकळी सोडली होती, बोनससाठी ये म्हणून. तिने बोनस रेषेकडे बघितलं. मी पदर तोंडात कोंबला, नाहीतर ओरडले असते. ती मागे सरकली आणि परत आली. रिकामी. सगळ्या मैदानात एकटी मॅडम टाळ्या वाजवत होती.

पलीकडच्या शाळेचे सर हसले. "काय मॅडम, पॉइंट कुठाय?"

"तुमच्याकडे ठेवलाय, सांभाळा," मी म्हटलं.

तिसऱ्या चढाईत तिने कोपऱ्यातलीला पायाने टिपलं. पुढे अजून चार गडी बाद केले. तरी आम्ही दोन गुणांनी हरलो. ट्रस्टी आले तेव्हा सामना संपत आला होता, पण त्यांनी निदान केलंच: "मुलींना सामन्याआधी जरा जोश द्यायला हवा होता. मी दोन शब्द बोललो असतो." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा शोधायला गेले.

हडकुळी गुडघ्यावरची माती झटकत मॅडमजवळ आली. ती आता रडते की काय, म्हणून मी पिशवीत रुमाल शोधायला लागले.

"मॅडम, उद्या प्रॅक्टिस किती वाजता?"

"सहाला. शार्प."

"मग मी पावणेसहाला येते. बोनस शिकवा ना मला नीट."

मॅडमने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरं केलं. मी तिची माफी मागायला हवी होती. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "गुडघ्याच्या पट्ट्या का नाही घातल्या पोरींना?"

घरी आले तरी डोकं तापलेलंच. माझ्या वेळी किती पोरी दुसऱ्या दिवशी सरावाला आल्याच नाहीत! एखादी आली नाही की मी हजेरीवर तिच्या नावापुढे लिहायचे, "घरची अडचण." अक्षर मात्र सुरेख होतं माझं. एकदाही, एकीच्याही घरी जाऊन मी विचारलं नाही की बाई गं, अडचण काय आहे.